न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

कार्यालयात दोन व्यक्तींमध्ये हळूहळू वाढणाऱ्या जवळिकीला सहसा नाव दिले जात नाही, आणि ते न देण्यातच दोघांची सोय असते. दुपारच्या चहाला सोबत खाली उतरणे, रजेवर असलेल्याचे काम न सांगता उरकून ठेवणे, बैठकीत एकाच्या मुद्द्याला दुसऱ्याने दुजोरा देणे, ही प्रत्येक कृती निखळ सहकार्य म्हणून खपते आणि त्याहून अधिक काही म्हणूनही वाचता येते. जो मनात अपेक्षा बाळगून असतो त्याला हा दुहेरी अर्थ हवाच असतो. उद्या अपेक्षा फोल ठरली तरी ‘मी काही विचारलेच नव्हते’ असे म्हणण्याची वाट त्यामुळे मोकळी राहते. जिच्यासोबत रोज त्याच मजल्यावर बसायचे आहे, तिच्याकडून स्पष्ट नकार ओढवून घेणे कोणाला परवडत नाही. मात्र या सावधपणाची एक किंमत असते, आणि ‘तिचे आधीच कोणीतरी आहे’ हे कळताच सहकाऱ्याच्या वागण्यात जो गारठा येतो, तो त्या किमतीचाच भाग होय.

मराठी मध्यमवर्गीय कार्यालयात ही बातमी उशिरा कळते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. विवाहितेच्या गळ्यात बहुधा मंगळसूत्र असते, साखरपुडा झालेलीच्या बोटात अंगठी असते आणि पेढेही वाटले जातात. पण ज्या नात्याला अजून घरच्यांची मान्यता नाही किंवा ज्याची घरी वाच्यताच झालेली नाही, त्याची कोणतीही दृश्य खूण नसते. असे नाते कार्यालयात सांगणे म्हणजे ते ओळखीच्या ओळखीतून घरापर्यंत पोहोचण्याचा धोका पत्करणे असते. त्यामुळे ते बोलण्याच्या ओघात, एखाद्या सहलीचा बेत सांगताना किंवा टेबलावर ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर, अचानक उघड होते. ऐकणाऱ्याला मग वाटते की आपल्यापासून काही लपवले गेले. वास्तविक ते त्याच्यापासून नव्हे, सगळ्यांपासूनच लपवलेले असते.

या गारठ्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1952 साली लिहिलेला एक निबंध उपयोगी पडतो. त्याचा विषय वरकरणी अगदी वेगळा, म्हणजे ठकसेनांची टोळी हा आहे. गिऱ्हाइकाला लुबाडून झाल्यावर टोळीतला एक जण मागे थांबतो आणि त्याची समजूत घालतो, जेणेकरून तो आरडाओरडा न करता आपले नुकसान पचवील. गॉफमन यांचे म्हणणे असे की समाजात जेथे जेथे कोणाची स्वतःविषयीची कल्पना मोडते, तेथे समजूत घालणाऱ्या अशा कोणाची तरी गरज भासते, आणि प्रेमातील नकारही त्याला अपवाद नाही. ज्याने उघड मागणी घातली त्याला निदान ‘तू चांगला आहेस, पण’ एवढे तरी ऐकायला मिळते. ज्याने काही विचारलेच नाही त्याला नकार मात्र मिळतो, सांत्वन मिळत नाही. आणि तिने ते द्यायचे ठरवले, तर तो ‘तुझा काहीतरी गैरसमज होतोय’ असे म्हणून तिलाच अवघडून टाकू शकतो. अशा वेळी सहकारी स्वतःची समजूत स्वतःच घालतो, आणि त्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे अंतर.

दुसऱ्या बाजूची कोंडीही कमी नसते. रॉय बाउमायस्टर, सारा वॉटमन आणि आर्लीन स्टिलवेल यांनी एकतर्फी प्रेमाविषयीचा आपला अभ्यास 1993 साली प्रसिद्ध केला. त्यात नाकारलेल्यांप्रमाणेच नाकारणाऱ्यांचीही कथने होती, आणि या दुसऱ्या गटात अपराधभावासोबत एक विशेष भावना आढळली: आता काय बोलावे, कसे वागावे याचा कोणताही ठरलेला संकेत हाताशी नाही, अशी. तेथे निदान नकार दिलेला असतो. येथे तर तोही दिलेला नसतो.

उदाहरणादाखल एका सॉफ्टवेअर कंपनीतील दोन सहकारी घ्यावेत. सोमवारी जेवताना तिने सहज सांगितले की येत्या सुटीत ती आपल्या मित्राच्या गावी जाणार आहे, आणि तो मित्र म्हणजे नेमका कोण हे तिच्या बोलण्याच्या सुरातच कळले. मंगळवारपासून तिच्या लांबलचक संदेशांना ‘ओके’ एवढेच उत्तर येऊ लागले, चहाच्या वेळी तो ‘कॉल आहे’ म्हणू लागला, आणि डबा उघडताना शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. आपले नाते कळल्यामुळेच तो दुरावला, हा यावरून तिने काढलेला निष्कर्ष बरोबर असेलच असे नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड केली यांनी 1967 साली मांडलेल्या कारणमीमांसेनुसार एखाद्याच्या वागण्याचे कारण ठरवताना तीन गोष्टी पडताळाव्या लागतात: तो इतरांशीही तसाच वागतो का, इतर लोकही तिच्याशी तसे वागू लागले आहेत का, आणि ते वागणे वेगवेगळ्या प्रसंगी टिकून राहते का. तो सर्वांनाच ‘ओके’ लिहीत असेल, तर कारण तिमाहीअखेरच्या कामाच्या ओझ्यात शोधावे. ती बातमी पसरून सगळा गटच अवघडला असेल, तर कारण गटात आहे. तो फक्त तिच्याशीच आणि सतत तुटक वागत असेल, तरच तिचा अंदाज खरा मानता येईल.

तो खरा मानला, तरी सर्व गारठा एका जातीचा नसतो. कोणी ओशाळल्यामुळे दूर होतो. कोणी परक्या नात्याच्या मर्यादेचा मान राखण्यासाठी चहा टाळतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. कोणाला मात्र आता वेळ खर्च करण्याचे कारण उरलेले नसते. या तिघांमधला फरक चहाच्या टपरीवर दिसत नाही, तो कामात दिसतो. ओशाळलेला माणूस डोळ्याला डोळा देत नाही, पण तिने पाठवलेला कोड वेळेवर तपासून देतो. ज्याचे कारण संपलेले असते, त्याच्याकडे तो कोड तीन दिवस पडून राहतो.

सर्वाधिक बोचते ते मात्र मागचे सगळे नव्याने वाचावे लागणे. रजेत उरकून दिलेले काम, तापात आणून दिलेले औषध, हे सगळे त्या एका हेतूनेच होते काय, असा प्रश्न तिला पडतो. या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर बहुधा अन्यायाचे ठरते, कारण माणसाचे हेतू एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कित्येकदा त्याला स्वतःलाही आपली अपेक्षा ती मोडल्यावरच उमगते. आपण काही भलते सूचित तर केले नाही ना, ही तिची दुसरी शंकाही बव्हंशी निराधार असते. अँटोनिया अॅबी यांच्या 1982 च्या प्रयोगात स्त्री-पुरुषांचे एकच संभाषण पाहणाऱ्या पुरुषांना बोलणाऱ्या स्त्रीच्या मोकळेपणात स्त्री-निरीक्षकांपेक्षा अधिक लैंगिक सूचन दिसले होते.

केवळ अबोला हा गुन्हा नव्हे, आणि तो असूही नये. मैत्री चालू ठेवण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदाही त्याला हात लावत नाही. परंतु त्याआधी नकोशी लगट किंवा सूचक बोलणे झालेले असेल आणि आता त्याला जोडून नोकरीत अडवणूक किंवा तिची धमकी, कामात ढवळाढवळ किंवा अपमानकारक वागणूक सुरू झाली असेल, तर प्रकरण त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. अशा वेळी घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. तारखा आणि संदेश जपून ठेवण्याचे महत्त्व येथे आहे, विशेषतः तो सहकारी वरिष्ठ असेल आणि वार्षिक मूल्यमापन त्याच्याच हाती असेल तेव्हा.

अशी वेळ आलेली नसेल, तर खुलासा मागण्याने सहसा काही साधत नाही, कारण खुलासा मागणे म्हणजे त्याने कधीच न विचारलेला प्रश्न त्याच्या तोंडी घालणे. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे जाऊ देऊन, त्याच्या हातोटीचे एखादे काम इतरांसमोर, नेहमीच्या सुरात त्याच्याकडे मागावे. अशा विनंतीला उत्तर कसे द्यायचे हे त्याला ठाऊक असते, आणि ते देताना त्याला जुने काही कबूल करावे लागत नाही.