हात कितीही सुधारा, पुस्तक वळणारच

बार्शीटाकळीच्या गल्लीत वाढलेल्या पोराला फिरणाऱ्या वस्तूंचे ज्ञान शाळेत जाण्याआधीच झालेले असते. भोवरा कसा घुमतो, दांडूचा टोला बसल्यावर विटी कशी गरगरत जाते, नाणेफेकीचा रुपया कसा उलटतो, हे त्याच्या हाताला आणि डोळ्याला ठाऊक असते. तरीही एक विलक्षण गोष्ट या खेळांतून त्याला सहसा दिसत नाही, आणि त्याचे कारण या वस्तूंच्या घडणीत आहे. भोवरा कातलेला असतो, विटी तासून गोल केलेली असते, रुपया वाटोळा असतो, गोटी तर सगळीकडून सारखी. या वस्तूंना स्वतःभोवती फिरण्याच्या निदान दोन दिशा तरी अगदी एकसारख्या असतात. ज्या वस्तूच्या लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशा वेगवेगळ्या असतात तिलाच ‘मधला’ आस असतो, आणि ही विलक्षण गोष्ट त्या मधल्या आसाभोवतीच घडते. ती पाहायला दप्तरातले पाठ्यपुस्तक पुरते.

पुस्तकाला दोन रबरबँड घट्ट लावा, म्हणजे ते हवेत उघडणार नाही. पातळ पुस्तक वाकते आणि निकाल बिघडवते, म्हणून जरा जाड, पुठ्ठ्याचे घ्या. मुखपृष्ठ वर, शिवण डाव्या हाताला, असे दोन्ही हातांत आडवे धरा. आता पुस्तकाची वरची कड स्वतःच्या दिशेने येईल अशी कोलांटी देऊन ते वर उडवा आणि झेला. झेलताना फक्त शिवण कुठे आहे ते बघा. साधी कोलांटी झाली असती तर शिवण डावीकडेच राहिली असती, कारण डावी-उजवी बाजू बदलावी असे आपण काहीच केलेले नाही. पण ती बहुतेक वेळा उजवीकडे सापडते. कोलांटी घेता घेता पुस्तकाने स्वतःच्या लांबीभोवती अर्धा पीळ घेतलेला असतो.

तेच पुस्तक टेबलावर ठेवून चक्रासारखे फिरवावे तशा गिरकीने उडवले, म्हणजे जाडीच्या आसाभोवती फिरवले, तर ते शांतपणे फिरते. लांबीच्या आसाभोवती लाटण्यासारखे फिरवून उडवले तरी शांतपणे फिरते. घोळ होतो तो रुंदीच्या आसाभोवतीच, आणि तोच मधला.

हे पाहणारा पहिल्यांदा हाताला दोष देतो: फेक तिरकी गेली, नीट सराव केला तर सरळ जाईल. या समजुतीशी माझे भांडण आहे. हात थोडा चुकतो हे खरे, पण ती चूक वाढवण्याचे काम पुस्तकाचा आकार करतो, आणि किती वाढवायची हे प्रमाणही आकारच ठरवतो. हे प्रमाण काढणे अवघड नाही.

समजा पुस्तक 28 सेंटीमीटर लांब आणि 21 सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे 4 आणि 3 या प्रमाणात. जाडी इतकी कमी की हिशेबात सोडून देता येते. एखाद्या आसाभोवती वस्तू फिरवायला किती जड जाते याचे माप म्हणजे जडत्व आघूर्ण. लांबीच्या आसाभोवती फिरताना फक्त रुंदी आसापासून दूर पसरलेली असते, म्हणून ते रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात, 9. रुंदीच्या आसाभोवती फिरताना लांबी पसरलेली असते, म्हणून 16. जाडीच्या आसाभोवती दोन्ही पसरलेल्या, म्हणून 25. मधला आकडा 16, आणि मधला आस तो हाच. चूक किती झपाट्याने वाढते याचे सूत्र पातळ पाटीसारख्या वस्तूसाठी फारच सुटसुटीत होते: मधल्या आकड्यातून लहान वजा करा, मोठ्याने भागा आणि वर्गमूळ घ्या. सातला पंचविसाने भागले की 0.28, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे 0.53. याचा अर्थ असा की पुस्तकाच्या एका पूर्ण फेऱ्यात चुकीचा वाढणारा भाग जवळजवळ 28 पट होतो. एक अंशाचा कल एका फेऱ्यात 28 अंशांवर जातो आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात पुस्तक उलटते.

आता सरावाचा प्रश्न. समजा वर्षभर घासून तुम्ही हात दहापट अचूक केला. वाढ गुणाकाराने होत असल्यामुळे ही दहापट कमाई पुस्तक पाऊण फेऱ्याच्या आतच खाऊन टाकते, हिशेबाने 0.69 फेऱ्यात. जोरात फिरवूनही सुटका नाही, कारण वाढ सेकंदांवर नाही तर फेऱ्यांवर ठरते. पुस्तक 60 सेंटीमीटर वर गेले तर परत हातात यायला सुमारे 0.7 सेकंद लागतात. सेकंदाला दोन फेरे दिले तर जवळपास दीड फेरा होतो, आणि उलटायला तेवढा पुरतो. वेग वाढवला तर त्याच वेळात फेरे वाढतील आणि चुकीला वाढायला आणखी वाव मिळेल.

उलट आकार बदलला की सगळे बदलते. रुंदीच्या दुप्पट लांब असलेली दुकानातली खतावणी घ्या. तिचे आकडे 1, 4 आणि 5, वर्गमूळ 0.77, आणि एका फेऱ्यातली वाढ सुमारे 130 पट. टेनिसची रॅकेट याहून लांबट, म्हणून ती हमखास पीळ घेते. चौकोनी, लांबी-रुंदी सारखी असलेले पुस्तक घेतले तर आकडे 1, 1, 2 आणि वाढ शून्य; चूक पसरते, पण रांगत रांगत. शंका असेल त्याने खतावणी, पाठ्यपुस्तक आणि चौकोनी वही या क्रमाने एकाच उंचीवर उडवून पाहावी.

चूक वाढते ती कशी, हे समजून घ्यायला पुस्तकाबरोबर फिरणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघावे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले गणिती टेरेन्स टाओ यांनी ही वाट दाखवली आहे. कोलांटी घेताना पुस्तकाची लांबीकडची दोन टोके मोठ्या वर्तुळात फिरतात. वस्तुमान आणि अंतर दोन्हींमुळे त्यांचाच वरचष्मा असतो आणि ती आपले वर्तुळ सोडत नाहीत. रुंदीकडच्या दोन कडा आसावर असतात. त्या अगदी आसावर असतील तर अपकेंद्री बल त्यांना कुठेच ढकलत नाही. पण पुस्तक किंचित कलले की त्या आसापासून जराशा दूर जातात, आणि दूर गेलेल्या वस्तूला अपकेंद्री बल आणखी दूर ढकलते. जितके दूर, तितका ढकल जास्त. म्हणून वाढ गुणाकाराची. लांब टोके जागची हलत नाहीत, तेव्हा त्या कडांना एकच रस्ता उरतो: लांबीच्या आसाभोवती वळायचे. पाव वळण झाले की त्या सर्वांत दूर असतात, वेगात पुढे निघून जातात, आणि पलीकडे आसाजवळ येताना तेच बल त्यांना आवरते. पुस्तक उलटे होऊन पुन्हा जवळजवळ स्थिर दिसते.

येथे एक शंका रास्त आहे. बाहेरून कोणी हात लावला नाही, मग फिरण्याची दिशा कशी बदलली? ती बदलतच नाही. कोनीय संवेग अवकाशात ज्या दिशेला होता त्याच दिशेला राहतो. बदलते ती त्या दिशेच्या संदर्भात पुस्तकाची ठेवण. पुस्तकाच्या दृष्टीने पाहिले तर संवेगाचा बाण पुस्तकाच्या अंगावर भटकतो, आणि ऊर्जा कायम राहील अशाच वाटेने भटकतो. फ्रेंच गणिती लुई पॉइन्सो याने 1834 मध्ये हे चित्र मांडले, आयलरच्या अठराव्या शतकातल्या समीकरणांचा तो भूमितीतला अर्थ होता. संवेग तेवढाच असताना लांबीच्या आसाभोवती फिरण्यात ऊर्जा सर्वांत जास्त असते, जाडीच्या आसाभोवती सर्वांत कमी. म्हणजे एक डोंगरमाथा झाला आणि एक दरीचा तळ. समान उंचीवरून चालायची अट असेल तर माथ्याजवळचा माणूस माथ्याला घिरट्या घालतो, तळाजवळचा तळाला. दोघेही लांब जात नाहीत. मधला आस म्हणजे दोन माथ्यांमधली खिंड. खिंडीपासून पाऊलभर सरकून समान उंचीवर चालणारा मात्र डोंगराला वळसा घालून पार पलीकडच्या खिंडीजवळ पोचतो.

जून 1985 मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमिर जानिबेकोव्ह बंद पडलेल्या सॅल्यूत-7 स्थानकाच्या दुरुस्तीसाठी गेला होता. तिथे आट्यांवरून फिरत सुटलेली एक पंखांची नट हवेत पुढे जाताना ठरावीक वेळाने उलटत असल्याचे त्याने पाहिले. गुरुत्वाने खाली न ओढल्यामुळे जे पृथ्वीवर पाऊण सेकंदात संपते ते तिथे पुन्हा पुन्हा दिसत राहिले. नियम दीडशे वर्षांपूर्वीच माहीत होता. त्याचे इतके लांबलेले दर्शन नवे होते.

माझ्या मते याहून मोलाची घटना 27 वर्षे आधीची आहे, कारण तिने माथ्याच्या सुरक्षिततेचीही मर्यादा दाखवली. 31 जानेवारी 1958 रोजी अमेरिकेने सोडलेला एक्सप्लोरर-1 हा सुमारे दोन मीटर लांब, काठीसारखा उपग्रह होता. तो लांबीच्या आसाभोवती फिरत राहील असे गृहीत धरले होते, आणि पुस्तकाच्या उदाहरणावरून तो आस सुरक्षितच वाटतो. पण उपग्रहाला चार लवचीक अँटेना होत्या. त्या हलत राहिल्या, हलण्यात ऊर्जेची उष्णता होत राहिली. संवेग कायम, ऊर्जा मात्र गळती: माथ्यावरचा प्रवासी थोडा थोडा खाली उतरत जाणार, दरीच्या तळापर्यंत. काही तासांतच उपग्रह टोकावर टोक कोलांट्या घेऊ लागला. हवेत पाऊण सेकंद राहणाऱ्या पुस्तकाला या गळतीची झळ लागत नाही. वर्षानुवर्षे फिरणाऱ्या वस्तूला लागते. म्हणून फिरवत ठेवायचा उपग्रह सर्वांत जास्त जडत्व आघूर्णाच्या आसाभोवतीच फिरवावा, हा नियम पुढे रूढ झाला.

जानिबेकोव्हच्या नटमुळे पृथ्वीही अशीच एक दिवस उलटेल, अशी भीती आजही पसरवली जाते. ती निराधार आहे. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, त्यामुळे ध्रुवांमधून जाणाऱ्या आसाभोवतीचे तिचे जडत्व आघूर्ण सर्वांत मोठे आहे, इतर आसांपेक्षा सुमारे 305 मध्ये एक भागाने जास्त. ती दरीच्या तळाशी आहे, आणि तिच्या पोटातल्या घर्षणाने ऊर्जा गळाली तरी ती तळाकडेच जाते. तळाभोवतीच्या बारीक घिरट्या मात्र खऱ्या आहेत: 1891 मध्ये सेथ चँडलर याने मोजून दाखवल्याप्रमाणे पृथ्वीचा आस तिच्याच पृष्ठभागावर सुमारे 14 महिन्यांत एक फेरी घालतो, आणि ती फेरी काही मीटरच्या घेरातच राहते.