‘वॉक’ही एकेकाळी सबळ होतं

शाळेच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात मागे एक तक्ता असे. गो-वेंट-गॉन, सिंग-सँग-संग, राइट-रोट-रिटन. यांना काही नियम नाही, तेव्हा घोकून टाका, असं शिक्षक सांगत. घोकायला सांगत ते योग्यच होतं, पण त्यामागचं कारण खरं नव्हतं. सिंग-सँग-संगला नियम होता, आणि तो वॉक-वॉक्डच्या नियमाहून जुना होता.

या दोन गटांना सबळ आणि दुर्बळ ही नावं दिली याकोब ग्रिमने. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी हा थोरला. जे क्रियापद भूतकाळ करताना आपल्याच पोटातला स्वर बदलतं, बाहेरून काही मागून घेत नाही, ते त्याच्या लेखी सबळ. ज्याला शेवटी ‘-एड’चा टेकू लागतो ते दुर्बळ. नावं पक्षपाती आहेत खरी, कारण पुढे जिंकलं ते दुर्बळच.

पोटातला हा स्वरबदल इंग्रजीने घडवलेला नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि इंग्रजी या सगळ्यांच्या मूळ भाषेत एकाच धातूला तीन पायऱ्या असत: एकीत ‘ए’, दुसरीत ‘ओ’, तिसरीत स्वरच नाही. जर्मानिक शाखेत न-आधीच्या ‘ए’चा ‘इ’ झाला, म्हणून सिंग. ‘ओ’चा ‘अ’ झाला, म्हणून सँग. तिसऱ्या पायरीत स्वर नसल्याने नुसत्या ‘न’वर भार आला आणि त्याच्या आधी ‘उ’ उमटला. तो सुंगेन, म्हणजे आजचा संग. भूतकाळी विशेषणात स्वर गळालेली पायरी वापरायची ही रीत संस्कृतातही होती. तिथे ‘गम्’चं त्याच पायरीत ‘गत’ झालं, आणि ‘गत’पासून आपलं ‘गेला’ आलं. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे या जोड्यांत आपण आजही पायऱ्या बदलतो आणि त्यांना कोणी अनियमित म्हणत नाही.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या पद्धतीला आणखी एक पेच होता. भूतकाळात एकवचनाचा स्वर वेगळा आणि अनेकवचनाचा वेगळा असे. ‘मी गायलो’साठी सांग, ‘आम्ही गायलो’साठी सुंगोन. पुढे वचनांचे प्रत्यय झिजले आणि एका कामाला दोन स्वर उरले. मग प्रत्येक क्रियापदाने आपापला निवाडा केला. सिंगने एकवचनाचा स्वर धरला, म्हणून सँग. त्याच वर्गातल्या क्लिंगचं क्लंग झालं आणि फाइंडचं फाउंड, कारण त्यांनी अनेकवचनाचा धरला. आज तक्त्यात जो गोंधळ वाटतो, त्यातला बराचसा या तडजोडीतून आलेला आहे.

तोवर दुर्बळांची गाडी जोरात सुटली होती. ‘-एड’ला धातूचा घाट कसा आहे हे बघावं लागत नाही, फ्रेंचमधून आलेला शब्द असो की काल जन्मलेला ‘गूगल’, मागे चिकटलं की झालं. त्यात जुनी क्रियापदंही ओढली गेली. हेल्पचं भूतकाळी विशेषण एकेकाळी होल्पेन होतं आणि 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ते सापडतं. नियमिततेचं ठरलेलं उदाहरण म्हणून आपण जे देतो, ते वॉकसुद्धा मूळचं सबळ. जुन्या इंग्रजीत ते वेआल्कान होतं, अर्थ लोळणं, हेलकावणं, आणि भूतकाळ वेओल्क. चालण्याचा अर्थ त्याला नंतर मिळाला.

मग काही सबळ क्रियापदं का टिकली आणि बाकीची का नाही? 2007 साली ‘नेचर’मध्ये एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित राहिली होती, आज 98 आहेत. गळती वापराच्या वर्गमुळाशी बांधलेली निघाली: जे क्रियापद दुसऱ्याच्या शंभरपट कमी वापरलं जातं, ते दहापट वेगाने नियमित होतं. कारण साधं आहे. सँग हे रूप तयार करता येत नाही, ते ऐकून लक्षात ठेवावं लागतं. ऐकू येणं कमी झालं की ऐन वेळी ते आठवत नाही आणि तोंडातून ‘-एड’ निघून जातं. पुढच्या पिढीने तेच ऐकलं की जुनं रूप संपलं. इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरातली क्रियापदं, बी, हॅव, डू, से, गो, सगळी अनियमित आहेत ती यामुळेच. मराठीतही चालला, बसला सरळ. वाकडी आहेत ती केला, गेला, आला, दिला, मेला.

हा हिशेब मला पटतो, पण तो एकाच दिशेने मोजलेला आहे. जुन्या अनियमितांची यादी घेऊन गळती मोजली, तर भर दिसणारच नाही. आणि भर पडलेली आहे. घंटा वाजवण्याचं रिंग जुन्या इंग्रजीत दुर्बळ होतं. सिंगच्या शेजाराने त्याचं रँग झालं. डिगचं डिग्ड बायबलमध्ये आहे, आज आपण डग म्हणतो. चोरपावलांनी जाण्याचं स्नीक घ्या: अमेरिकेत त्याचं स्नक झालं ते अगदी अलीकडे, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे एकेकटं रूप वापराने टिकतं, पण यमक जुळणारं कुळ असेल तर ते बाहेरच्यालाही ओढून घेतं. 1958 साली जीन बर्को यांनी मुलांपुढे आणि मोठ्यांपुढे ‘ग्लिंग’ हे बनावट क्रियापद ठेवलं. मुलांनी बहुतेक ग्लिंग्ड म्हटलं. मोठ्यांपैकी अनेकांनी ग्लँग किंवा ग्लंग. सिंग, स्प्रिंग, स्विंग, स्टिंग यांची पुरेशी संगत झाल्यावरच तो जुना साचा कानात बसतो.

या ओढीलाही मर्यादा आहे. शहराला वेढा घालण्याचं रिंग हे अंगठीच्या, कड्याच्या नामावरून केलेलं क्रियापद, म्हणून सैन्याने शहर ‘रिंग्ड’ केलं, रँग नाही. नामापासून बनलेल्या क्रियापदाला जुन्या कुळाचा वारसा मिळत नाही. उलट ब्रिंग दिसायला सिंगसारखं, पण ब्रॉट हे दुर्बळांचंच एक बिघडलेलं रूप आहे. त्यातला शेवटचा ‘ट’ ‘-एड’चाच भाऊ. कीप-केप्टही तसंच. अनियमित म्हणजे सबळ, हे समीकरण धरलं की इथे फसायला होतं.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांना एक विनंती. तो तक्ता वर्णानुक्रमाने देणं बंद करा. सिंग, रिंग, ड्रिंक, सिंक, स्विम, बिगिन एका रांगेत लावा. क्लिंग, स्विंग, स्टिंग, विन दुसऱ्या रांगेत. कीप, स्लीप, वीप तिसऱ्या. गो-वेंटसारखी एकांडी मोजकीच उरतील. ती मात्र घोकूनच घ्या.