नकार योजनेला

तेंदूपत्त्याची मजुरी हाती आली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ओळखीचाच कुणी एखाद्या कंपनीची पैसे गुंतवायची योजना घेऊन दारात येतो. त्याला ‘बघू, पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. तो आशेनं पुन्हा येईल. कंपनीवर वादही नको, प्रत्येक शंकेचं उत्तर त्याला शिकवलेलं असतं. घरी आधी ठरवून ठेवा आणि पहिल्याच भेटीत सांगा, ‘भाऊ, ओळखीत पैसे गुंतवायचे नाहीत, असं आमचं ठरलं आहे. बस, चहा घे.’ कमाई माल विकून नव्हे, माणसं जोडून होणार असेल, तर २०२१च्या थेट विक्री नियमांत तिला मनाई आहे. जोडणाराही अडचणीत येतो. हे त्याला एकट्याला सांगा, चारचौघांत नको. बहुधा त्याचेही पैसे त्यात अडकलेले असतात.