न विकलेल्या शेळीचा नफा

शेळी दावणीलाच आहे. गिऱ्हाईक आले नाही, गल्ल्यात रुपया पडला नाही. तरी ३१ मार्चला कंपनीने नफा लिहायचा, असे भारतीय लेखामानक ४१ सांगते. जनावर वाढते, आणि वाढ हीच कमाई. मग विक्रीपर्यंत थांबायचे कशाला, हा त्यामागचा विचार. विचार खोटा नाही. फक्त तो बाजारावर फार विसंबून आहे.

हे मानक मोठ्या कंपन्यांसाठी आहे. धनगराला ते लागू नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. कळपावरून नजर फिरवली की त्याचा ताळेबंद तयार असतो.

बागेलाही पूर्वी हाच न्याय होता. २०१४ साली आंतरराष्ट्रीय मानक बदलले, आणि वर्षानुवर्षे फळ देणारे आंब्याचे झाड यंत्राच्या रांगेत गेले. आता त्याचा खर्च मांडायचा आणि दरसाल घसारा काढायचा. वाजवी मूल्य उरले ते फांदीवरच्या आंब्यापुरते. शेळी मात्र जागच्या जागी राहिली. शेळ्यांचा बाजार आठवड्याला भरतो. उभ्या झाडांचा भरत नाही.

बाजारात शेळी ८,४०० रुपयांना जाते असे धरू. तिथवर न्यायला टेम्पोचे २५० लागतात. ते वजा केले की ८,१५० हे गोठ्यातल्या शेळीचे वाजवी मूल्य. दलालाचे १५० हा विक्रीखर्च. पुस्तकात लिहायचे ते ८,०००. टेम्पो मूल्यातच वजा होतो, दलाल त्यानंतर. क्रम बदलला तरी बेरीज तीच येते, पण लेखापरीक्षक क्रमच तपासतो.

आता तीच शेळी आजच विकत घेऊन पाहा. मोजले ८,४००, घरी आणायला आणखी २५०, आणि संध्याकाळी पुस्तकात ८,०००. खरेदीच्याच दिवशी ६५० रुपये गेले. उलट, करडू जन्मले की त्याच दिवशी नफा. विकत घेणाऱ्याला तोटा, जन्म घेणाऱ्याचा नफा: या मानकाचा स्वभाव एवढ्यात कळतो.

हिशेब समजण्यापुरता कळप दहा शेळ्यांचा धरू. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या एक वर्षाच्या, प्रत्येकी ८,०००, एकूण ८०,०००. वर्षअखेर त्या दोन वर्षांच्या झाल्या, दर १०,०००. शिवाय दोन करडे, प्रत्येकी ३,०००. कळप १,०६,००० चा झाला, म्हणजे वाढ २६,००० रुपयांची.

ही वाढ कुणाची?

त्यासाठी एकच भाव विचारावा लागतो: आज एक वर्षाची शेळी कितीला? खर्च वजा जाता ८,५००, असे उत्तर आले. म्हणजे शेळ्या जशा होत्या तशाच राहिल्या असत्या, तरी दर शेळीमागे ५०० वाढलेच असते. हे ५,००० बाजाराचे. उरलेले १५,००० शेळ्यांच्या अंगावर चढले, ६,००० पोटी आले. चारापाण्याचे ३०,००० झाले असतील, तर एवढ्या नफ्यानंतरही वर्ष ४,००० नी तोट्यात. चारा कळपाच्या किमतीत मिसळावा की नाही, हे मानक सांगत नाही. सहसा तो थेट खर्चात पडतो.

भाव त्या एका दिवसाचा असतो, हीच मेख आहे. बकरी ईदच्या तोंडावर बोकडाचा भाव चढतो. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ साली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात होती, २०३१ च्या सुमारास ती मार्चअखेरीला येऊन भिडेल. त्या साली बोकडांचे कळप पुस्तकात अचानक लठ्ठ दिसतील. चारा तोच, राखणदार तोच. ईद मार्चअखेरीच्या मागे सरकली की तो नफा पुढच्या ताळेबंदात तोटा होऊन उतरेल, आणि संचालक दुष्काळाचे नाव सांगतील.

वजनकाटा इतका फसवत नाही.

कायद्याला हे ठाऊक आहे. कंपनी कायद्याच्या कलम १२३ मध्ये २०१७ च्या दुरुस्तीने स्पष्टच लिहिले, की लाभांशासाठी नफा मोजताना वाजवी मूल्यामुळे झालेली वाढ धरायची नाही. नफा म्हणून लिहा, पण वाटू नका. एका हाताने वाढलेले ताट दुसऱ्या हाताने झाकून ठेवले आहे, आणि ते बरेच आहे.

भावाची वाढ वेगळी आणि अंगाची वाढ वेगळी दाखवावी, असे मानक सुचवते. सक्ती करत नाही. ज्या कंपनीचा कळप खरोखर वाढला, तिला ही फोड लपवायचे कारण नसते. तेव्हा वार्षिक अहवाल हाती आला की जैविक मालमत्तेची टीप काढा. तिथे एकच आकडा दिसला, तर सर्वसाधारण सभेत उठून विचारा: यातले शेळीचे किती, बाजाराचे किती?