गुडघे टेकवण्याआधी जिना बघा

हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे, आणि भरतीची तयारी करणारी पोरं जिल्ह्यात पहाटे कुठल्याही रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुशअप्सना गुण नाहीत. पण गोळाफेक आहे, मुलींसाठी 4 किलोचा गोळा, आणि तो ढकलायला छाती, खांदा आणि दंडाची मागची बाजू लागते. म्हणून मुली पुशअप्स सुरू करतात, पहिलाच निघत नाही, आणि कुणीतरी सांगतं, ‘गुडघे टेकव.’

कळमनुरीकडच्या नात्यातल्या एका मुलीने परवा हेच विचारलं. ‘काका, गुडघ्यांवर वीस सहज निघतात, पाय सरळ केले की एक निघत नाही. असं का?’

कारण हातांवर येणाऱ्या वजनात आहे. जमिनीवरच्या पूर्ण पुशअपमध्ये शरीराच्या वजनापैकी साधारण 64 टक्के भार हातांवर असतो. गुडघे टेकवले की तो 49 टक्क्यांच्या आसपास येतो. तिचं वजन 60 किलो धरलं, तर गुडघ्यांवर ती 29 किलो उचलते आणि पाय सरळ केले की एकदम 38. मधली पायरीच नाही. शिवाय गुडघ्यांवर पोट आणि मांड्यांना फारसं काम उरत नाही. पाय सरळ झाले की कंबर लोंबते ती त्यामुळे.

मी तिला घराचा जिना दाखवला. गुडघे न टेकवता हात उंचावर ठेवायचे. हात दोन फूट उंचीवर असले तर भार 41 टक्के, एक फुटावर 55 टक्के. पायरी साधारण सहा इंचांची असते, म्हणजे चौथ्या पायरीवर तिला 25 किलो, दुसऱ्यावर 33, आणि जमिनीवर तेच 38. दर पायरीला तीन-चार किलोच वाढतात, आणि टाचेपासून डोक्यापर्यंतची सरळ रेघ पहिल्या दिवसापासून तीच राहते. चौथी पायरीही जड गेली तर आधी भिंत, मग ओटा. जिना नसेल तर बाज चालते, पण ती भिंतीला टेकवून ठेवावी, नाहीतर ऐन जोरात सरकते.

हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवून पायरीची कड धरायची. कड मुठीत धरली की मनगट फार वाकत नाही, म्हणून मनगट दुखणाऱ्यांनाही हे सोसतं. पाय अनवाणी आणि फरशी कोरडी हवी. खाली जाताना कोपरं बाजूला फाकू न देता तिरकी, बरगड्यांकडे जाऊ द्यायची. पाय कुठे ठेवायचे हे छातीच सांगते: खाली गेल्यावर कड गळ्यापाशी आली तर पाय थोडे जिन्याकडे घ्यायचे, पोटापाशी आली तर मागे न्यायचे. ती छातीच्या खालच्या भागाशी यायला हवी.

बिघडतं ते बहुतेक कंबरेत. खाली जाताना छातीआधी पोट पायरीजवळ पोचलं, किंवा वर येताना छाती आधी उठली आणि कंबर मागून आली, तर तो पुशअप मोजायचा नाही. कुल्ले आवळून धरले की कंबर जागेवर राहते. तेवढ्यानेही लोंबत असेल, तर ती पायरी अजून जड आहे, एक वर जायचं. मान पुढे काढून हनुवटीने पायरी गाठणं हीही तशीच पळवाट. तिला मी नजर कडेच्या थोडी पुढे ठेवायला सांगितलं, मान आपोआप सरळ झाली.

एका पायरीवर आठ-दहाचे तीन फेरे, मध्ये दीड-दोन मिनिटांची विश्रांती, एक दिवसाआड. शेवटच्या फेरीतही कंबर सरळ राहिली की पुढच्या वेळी एक पायरी खाली. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखू लागलं तर पायरी उतरायची नाही, वर चढायची. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

पहिल्या पायरीवरून जमिनीवर येताना बरेच जण अडकतात. गुडघ्यांचा खरा उपयोग इथे आहे. पाय सरळ ठेवून, मनात चार आकडे मोजत, छाती जमिनीला लागेपर्यंत हळूहळू खाली जायचं. उठताना मात्र गुडघे टेकवायचे. आपण जेवढं वर ढकलू शकतो त्यापेक्षा जास्त वजन सावकाश खाली उतरवू शकतो, म्हणून उठण्याआधी उतरणं जमतं, आणि तेच स्नायू तयार होतात. असे तीन-चार झाले की त्या दिवसापुरतं पुरे.

जमिनीवर पहिला पूर्ण पुशअप निघाला की सगळे फेरे तिथेच करायचा मोह होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्यालाच कंबर पुन्हा खाली येते. तिला मी सांगितलंय, जमिनीवर निघेल तेवढा एखादा-दुसरा काढ आणि त्या फेरीतले उरलेले दुसऱ्या पायरीवर पूर्ण कर.