आजचं चिंतन : मैत्रेयी काय विचारते?

आज बृहदारण्यक, अध्याय 2, ब्राह्मण 4. याज्ञवल्क्य घर सोडायला निघालेत आणि मैत्रेयीशी कशाबद्दल बोलतात? वाटणीबद्दल. तुझं आणि कात्यायनीचं काय ते ठरवून टाकतो, म्हणतात.

वाचताना मालवणचं घर आठवलं. गणपती झाले की आम्ही मुंबईला परततो. मग आई-बाबांचं बोलणं एवढंच : "झिलाचो फोन इलो?" "इलो." नाहीतर लाईट बिल. भांडण नाही हो. पंचवीस वर्षं बोलायला आम्हीच विषय होतो.

मैत्रेयी विचारते, धनाने अमर होता येईल? नाही म्हटल्यावर ती म्हणते, मग तुम्हाला जे कळलंय तेच मला सांगा. याज्ञवल्क्य खूश! प्रिय होतीसच, ये, बस, म्हणतात. मग सांगतात, पती, पत्नी, मुलं त्यांच्या स्वतःसाठी नव्हे, आत्म्यासाठी प्रिय असतात. म्हणजे मुलं निघून गेली तरी प्रेमाचा उगम त्या दोघांपाशीच राहतो.

(कात्यायनीला कुणीच विचारलं नाही, हे मला खटकतं.)

काल फोनवर आईला "जेवलीस?" ऐवजी विचारलं, बाबा लहानपणी रापण ओढायला जायचे का गं?

"माका काय म्हायत. थांब, इचारतंय."

फोन तसाच चालू राहिला. दोघं बराच वेळ बोलत होते.