फोनवर बोलणारा हात

दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या काढणीत परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही फाट्यावर सकाळी हे दृश्य दिसतं. मळणीयंत्र घेऊन येणारा ड्रायव्हर वाट चुकलेला असतो आणि शेतमालक फोन कानाला लावून त्याला रस्ता सांगत असतो. ‘‘कालव्याचा पूल लागंल बघा. पूल वलांडला की उजवीकडं. पुढं लिंबाचं झाड, तिथनं मागं वळल्यासारखी वाट हाय.’’ पूल म्हणताना त्याचा मोकळा हात हवेत कमान काढतो, उजवीकडं म्हणताना मनगट वळतं, आणि त्या मागं वळणाऱ्या वाटेसाठी तर सगळा हात कोपरापासून फिरतो. ड्रायव्हर पाच-सहा किलोमीटरवर आहे. त्याला यातलं काहीही दिसत नाही.

सवय म्हणून आपण हे सोडून देतो. समोरासमोर बोलायची खोड, ती फोनवरही सुटत नाही, एवढंच. पण मग जन्मांध मुलांचं काय? जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की ज्यांनी कुणाचे हातवारे कधी पाहिलेच नाहीत अशी मुलंही बोलताना हात हलवतात. ऐकणारा अंध आहे हे माहीत असतानाही हलवतात. म्हणजे हे पाहून उचललेलं नाही.

दुसरं उत्तर असं, की हात बोलणाऱ्याच्याच कामाचा असतो. यात तथ्य आहे. रॉबर्ट क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६च्या एका प्रयोगात लोकांना कार्टूनची गोष्ट सांगायला लावली आणि मध्येच हात हलवायची सोय काढून घेतली. कोण कुठून कुठे गेलं, वर चढलं की खाली पडलं, असं जागेचं वर्णन आलं की त्यांचं बोलणं मंदावलं, अडखळलं. बाकीच्या बोलण्यात तसा फरक पडला नाही. आमच्या शेतमालकाच्या दोन्ही हातांत पिशव्या द्या आणि फोन स्पीकरवर लावा. लिंबापासची ती अवघड वाट सांगताना तो थांबतो का, ते पाहा.

पण एवढ्यानंही भागत नाही. हात फक्त विचाराला मदत करत असता, तर माणूस एकटा बोलतानाही तो तितकाच हलायला हवा होता. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या जॅनेट बेव्हलास यांनी २००८ साली नेमकं हेच तपासलं. एका जुन्या काळच्या घेरदार झग्याचं चित्र दाखवून त्यांनी लोकांना वर्णन करायला सांगितलं: काहींना समोरच्या माणसाला, काहींना फोनवर, काहींना नुसतं टेपरेकॉर्डरपुढे. हात सर्वांत जास्त हलले समोरासमोर, हे ओघानं आलंच. पण फोनवर ते टेपरेकॉर्डरपेक्षा स्पष्टपणे जास्त हलले. फोनवर आणि टेपपुढे, दोन्हीकडे पाहणारं कुणी नव्हतं. फरक इतकाच, की फोनवर पलीकडून ‘हं’, ‘बरं, मग?’ येत होतं.

मला हा निकाल फार आवडतो, कारण तो हाताला बावळट ठरवत नाही. हाताला पक्कं कळत असतं की दिसत नाहीये. समोरासमोर बोलणारी माणसं तो झगा स्वतःच्याच अंगावर असावा तशी, खऱ्या मापाची खूण करत. ‘असा घेर’ म्हणून बाकीचं हातावर सोपवत. फोनवर मात्र तसं मोठं माप कमी दिसलं, आणि जे हातानं दाखवलं ते तोंडानंही सांगितलं गेलं. आपला शेतमालकही ड्रायव्हरला ‘असं वळा’ म्हणून थांबत नाही. ‘मागं वळल्यासारखी’ हे शब्द शोधून काढतोच, हात फिरत असला तरी.

एक गोष्ट मात्र या फाट्यावरच पाहायला मिळते. घाईत तोंडून ‘डावीकडं’ निघून जातं आणि हात उजवीकडं वळलेला असतो. शेजारी उभा असलेला पोरगा ओरडतो, ‘‘बाबा, उजवीकडं!’’ अशा वेळी मी हातावर विश्वास ठेवीन. मालक त्या वाटेनं वर्षानुवर्षं चालत, बैलगाडी हाकत गेलेला असतो. वळण त्याच्या अंगात बसलेलं असतं, डावं-उजवं हे नाव त्याला मागाहून चिकटतं. गंमत अशी, की तो कालवा जायकवाडीचा ‘डावा कालवा’ असतो, त्यामुळे गोंधळाला आणखी एक निमित्त.

या सगळ्याचा धोका एकच आहे, आणि तो गंगाखेड रोडवर रोज दिसतो. डोक्याला बांधलेल्या रुमालात मोबाइल खोचून मोटारसायकलवर बोलत निघालेला माणूस. फोन धरायला हात लागत नाही म्हणून तो निर्धास्त असतो. पलीकडचा पाहुणा घराचा पत्ता विचारतो, आणि याचा डावा हात हँडल सोडून गल्ली दाखवायला निघतो.